प्लेटखालचा रबरी धागा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. म्हाताऱ्या शिंप्याचा नातू शिलाई मशीन दुरुस्त करत असतो आणि दुरुस्ती करता करता त्याला लोकांची एक अशी गरज दिसते जी कुणीच भागवत नाही. माझ्या मसुद्यात तो मशीन उघडतो आणि त्याला शिलाईचं ॲप काढायची कल्पना सुचते. ज्यांनी वाचलं त्यांना ते पटलं नाही. मशीनमध्ये नेमकं काय बिघडलेलं दाखवू? त्यातून गरज कशी दिसेल?

उत्तर:

ॲप असल्यामुळे कथा बिघडली असं मला वाटत नाही. त्याने मशीन उघडलं आणि त्याला काहीतरी सुचलं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे खरं दुखणं आहे. त्याच्या हातात मशीनऐवजी टेबलफॅन दिला असता तरी ॲप सुचलंच असतं. मी गेली कित्येक वर्षं सोलापूर भागात शिलाई मशीनची दुरुस्ती करतो. त्या अनुभवावरून सांगतो, बिघाड असा निवडा की त्याचं कारण शोधता शोधता पोराला मशीनच्या बाहेर बघावं लागेल.

बहुतेक बिघाड या कामाचे नाहीत. तेल वाळून चिकट झालं आणि मशीन जड झालं, तर रॉकेल सोडायचं, चाक फिरवून घाण काढायची, नवीन तेल घालायचं, काम संपलं. पट्टा सैल झाला तर कापून परत जोडायचा. या बिघाडांचं कारण मशीनमध्येच असतं आणि तिथेच संपतं. तुम्हाला हवा आहे 'टाका सोडणं' हा बिघाड. मशीन चालतं, आवाज बरोबर येतो, धागा तुटत नाही, पण मधेच एक-दोन टाके पडतच नाहीत. मिस्त्री मंडळींना यानेच सर्वांत जास्त छळलंय, कारण दहा ठिकाणी शोधलं तरी चूक सापडत नाही.

यात काही गोष्टी तुमच्या कथेवर अवलंबून आहेत. कथा पन्नास वर्षांपूर्वीची असेल तर मी पुढे सांगतोय ते चालणार नाही, कारण तेव्हा लेगिंगसारख्या ताणणाऱ्या कापडाचे कपडे गावोगाव पोचले नव्हते. मशीन झिगझॅगचं असेल तरी गोष्ट बदलते. मी धरून चालतो की काळ आजचा आहे, जागा बार्शीसारखं तालुक्याचं गाव आहे आणि मशीन आपलं नेहमीचं पायडलचं काळं घरगुती मशीन आहे, जे फक्त सरळ टाका घालतं.

आता कथा मी कशी बांधीन ते सांगतो. तुमची शैली तुमची, मी फक्त हाडं देतो.

आबांचं दुकान बाजारपेठेत आहे. ते सदरे, पायजमे, लेंगे शिवतात. नजर कमी झाल्यापासून शिवण कमी आणि दुरुस्ती जास्त. दुरुस्ती नातू करतो. एक वहिनी मशीन घेऊन येतात, म्हणतात, टाके सोडतंय. नातू पहिली गोष्ट करतो ती प्रत्येक मिस्त्री करतो: सुई बदलतो. जुनी सुई बोथट असेल, वाकलेली असेल किंवा वरपर्यंत नीट बसवलेली नसेल तर टाका सुटतो. घरगुती मशीनच्या सुईची एक बाजू सपाट असते. खालचा धागा गुंतवणाऱ्या शटलचं टोक ज्या बाजूने येतं त्या बाजूला हा सपाट भाग हवा. उलटी बसली तर टाका पडणारच नाही. इथे सगळं बरोबर आहे. तो १६ नंबरची नवी सुई घालतो, पॉपलिनच्या तुकड्यावर चालवून बघतो. एकसारखी शिवण. वहिनी मशीन घेऊन जातात.

चार दिवसांत परत येतात. टाके सोडतंय.

दुसरी फेरी मात्र सावकाश लिहा, कारण पोराची बुद्धी इथेच दिसणार आहे. तो सुईखालच्या प्लेटचे दोन स्क्रू काढतो. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खोबणीत कापसाचा भुगा दाबून बसलेला असतो, तो सुईने आणि ब्रशने काढतो. बॉबिन केस काढतो, शटल काढतो, पुसून तेलाचा एक थेंब देऊन परत बसवतो. मग सुईची आणि शटलची वेळ बघतो. ही वेळ काय असते ते तुम्हाला समजायला हवं, नाहीतर पुढचा शोध वाचकाला समजणार नाही. सुई खाली जाते आणि परत वर यायला लागते. अगदी थोडी, दोन-अडीच मिलिमीटर वर आली की धागा सुईच्या मागे फुगतो आणि तिथे एक छोटा फासा तयार होतो. त्याच क्षणी शटलचं टोक नेढ्याच्या जरा वरून जातं आणि तो फासा पकडतं. फासा पकडला तर टाका, नाही पकडला तर टाका सुटला. मशीनची बाकी सगळी यंत्रणा या एका क्षणासाठी आहे. नातू बघतो, वेळ बरोबर आहे. पॉपलिनवर चालवतो, शिवण बिनचूक. मशीनमध्ये दोष नाही.

इथे कच्चा मिस्त्री काय करतो? टेन्शनचा स्क्रू फिरवतो, चार ठिकाणी तेल घालतो, शंभर रुपये घेतो आणि मशीन परत देतो. तुमचा नातू तसं करत नाही, पण तो महान आहे म्हणून नव्हे. वहिनी परत येऊन बाजारात सगळ्यांदेखत बोलणार, याची त्याला भीती आहे. असं साधं कारण ठेवा, पोरगा खरा वाटेल.

आता तो प्लेटखालून निघालेला भुगा परत बघतो. मी स्वतः हे नेहमी करतो, कारण गिऱ्हाईक काय शिवतं हे गिऱ्हाईकापेक्षा भुगा जास्त खरं सांगतो. ब्लाउजपीस शिवणाऱ्या बाईच्या मशीनमध्ये रंगीबेरंगी बारीक सुती कण असतात, गोधडी शिवणारीच्या मशीनमध्ये जाड पांढरा कापूस. इथे गडद रंगांचे कण आहेत, काळा, राणी, मेंदी, आणि त्यात दोन-तीन पांढरे बारीक धागे. नातू एक धागा दोन नखांत धरून ओढतो. धागा ताणतो. सोडल्यावर आखडतो.

तो धागा लायक्रा आहे. लेगिंगच्या कापडात सुताबरोबर विणलेला असतो. वहिनी पॉपलिन शिवत नाहीत, लेगिंग शिवतात. आणि नातू इतके दिवस मशीनची परीक्षा भलत्याच कापडावर घेत होता.

पुढची पायरी वाचकाला डोळ्यांनी दिसू द्या. नातू एक जुना टी-शर्ट घेतो, त्याचा तुकडा कापड दाबणाऱ्या फुटाखाली ठेवतो, मशीन मागे कलतं करतो, बॉबिन केस काढून ठेवतो आणि चाक हाताने हळू फिरवत खालून बघतो. पॉपलिन असताना सुई वर यायला लागली की कापड जागेवर राहत होतं आणि फासा फुगत होता. टी-शर्टचं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं. कापड आणि धागा दोन्ही सुईबरोबर वर आले तर धाग्याला फुगायला जागाच मिळत नाही. शटलचं टोक येतं आणि रिकामंच निघून जातं. प्रत्येक वेळी असं होत नाही, म्हणून टाके अधूनमधून सुटतात आणि म्हणूनच दोष सापडत नाही.

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे: बॉल पॉइंट सुई. नेहमीच्या सुईचं टोक तीक्ष्ण असतं, ते विणीतले धागे भोसकतं आणि तिथे अडकतं. बॉल पॉइंटचं टोक किंचित गोल असतं, ते दोन धाग्यांच्या मधून वाट काढतं. लायक्रासाठी तिचाच एक प्रकार मिळतो, स्ट्रेच सुई. त्यात नेढ्याजवळची खाच अशी असते की शटलला फासा पकडायला सोपं जातं. टी-शर्ट, लेगिंगसाठी ११ नंबर पुरतो. जाड ट्रॅकपँट असेल तर १४. घरगुती मशीनला बसणाऱ्या सपाट बाजूच्याच सुया मागायच्या, गोल दांड्याच्या कारखान्यातल्या सुया या मशीनला चालत नाहीत.

नातू बाजारात जातो. मशीनच्या सामानाच्या दुकानात १४ आणि १६ नंबरच्या सुयांची पाकिटं भरपूर आहेत. बॉल पॉइंट म्हटल्यावर दुकानदार म्हणतो, 'असलं कोण मागत नाही.' हे वाक्य नक्की ठेवा. कोण मागत नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही, कारण अशी सुई असते हेच कुणाला माहीत नाही. नातू सुया सोलापुरातून मागवतो. तिथे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, त्यांच्यासाठी सामान ठेवणाऱ्या दुकानांत अशा सुया मिळून जातात.

इथपर्यंत त्याने एक मशीन दुरुस्त केलं. गरज अजून दिसलेली नाही. ती दिसायला त्याने वहिनींना एक साधा प्रश्न विचारायला हवा: तुम्ही लेगिंग का शिवता? तयार तर मिळतात.

वहिनी सांगतात. बाजारातली लेगिंग उंच बाईच्या मापाची असते, खाली घोट्यावर गोळा होते. कमरेचं इलॅस्टिक वर्षभरात सैल पडतं. आणि मांडीच्या आतल्या शिवणीवर फाटते. कापड अजून धड असतं, टाकवत नाही. शिंप्याकडे घेऊन गेलं तर कुणी घेत नाही. म्हणून त्या घरी स्वतःची शिवत होत्या, मग जावेची, मग गल्लीतल्या दोघी-तिघींची.

'शिंप्याकडे घेऊन गेलं तर कुणी घेत नाही.' तुमच्या कथेचा धक्का या वाक्यात आहे. कारण नातू लहानपणापासून आबांच्या दुकानात बसलाय आणि आबांना हे म्हणताना त्याने असंख्य वेळा ऐकलंय: 'होजिअरीचं काम आपल्याकडं होत नाही, ताई.' आबा चुकीचं बोलत नव्हते. सदऱ्याच्या मशीनवर १६ नंबरच्या सुईने ते काम होतच नाही, आणि वाईट काम करून देण्यापेक्षा परत पाठवणं हा त्यांचा कारागिराचा स्वाभिमान आहे. पण मधल्या काळात गावाने कपडे बदलले. तिरुपूरकडून येणाऱ्या होजिअरीने बाजार भरला, टी-शर्ट, लेगिंग, नाईट पँट, पोरांच्या ट्रॅकपँट. बाजारपेठेतले शिंपी अजून होजिअरीचं नव्हे तर मागावरचं कापड शिवणारेच राहिले. म्हणजे घराघरांतले निम्मे कपडे असे झाले की त्यांना टाका घालायला गावात माणूसच नाही.

कृपा करून आबांना जुनाट आणि हट्टी दाखवू नका. ते सोपं आहे आणि खोटं आहे. मी तर पुढचा तोडगा आबांच्याच हातून काढीन. कारण नवी सुई आली तरी कापड फुटाखाली ताणलं जाऊन शिवणीला लहरी पडतात. नातू फुटाचा दाब कमी करतो, तर कापड परत उचललं जातं. वाढवतो, तर लहरी. तो वैतागतो. आबा लांबून बघत असतात. ते कागदाची एक पट्टी फाडून देतात. 'जॉर्जेटला लावतो तसं लाव की रं खाली.' शिंप्यांची ही जुनी युक्ती आहे. घसरत्या कापडाखाली कागद ठेवायचा, कागदासकट शिवायचं, मग कागद फाडून काढायचा. कागदामुळे दाते कापडाला नव्हे तर कागदाला ओढतात, आणि सुईबरोबर कापड वर उचललं जाणंही कमी होतं. फक्त वर्तमानपत्राचा कागद लिहू नका, फिक्या कापडाला शाई लागते. आबांसारख्या माणसाला हे माहीत असणार, म्हणून ते कोरा कागद देतील. मला वाटतं, आबांनी या कामाला होकार देण्याचा प्रसंग वेगळा लिहायची गरजच राहणार नाही.

यानंतर बरेच लेखक कथा यशाकडे पळवतात. तुम्ही तसं करू नका, कारण पुढे एक खरा अडथळा आहे आणि वाचणाऱ्या बायकांना तो लगेच आठवेल. टाका आता सुटत नाही, पण वहिनी उकिडव्या बसल्या की शिवण तट्‌कन तुटते. कारण सरळ टाका ताणत नाही. कापड ताणतं, धागा ताणत नाही, मग धागा तुटतो. सुती धागा असेल तर फारच लवकर. इथे पोराने काय काय करून बघावं? पॉलिस्टरचा धागा वापरावा. टाका बारीक करावा, म्हणजे तेवढ्याच लांबीत धागा जास्त बसतो आणि थोडी ताणायला जागा राहते. वरचं आणि बॉबिनचं टेन्शन जरा ढिलं करावं. शिवताना कापड पुढून आणि मागून सारखं हलकं ताणून धरावं. नुसतं मागून खेचलं तर सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते. कथेत एकदा मोडू द्या.

या सगळ्याने पायाच्या घोट्याची दुमड टिकते, कारण तिथे ताण कमी असतो. तीही पाय आत घालताना ताणावी लागेल इतकी घट्ट नको. मांडीची शिवण टिकत नाही. तिथे ओव्हरलॉकच हवं. ओव्हरलॉकच्या टाक्यात धागे एकमेकांत गुंतून कडेभोवती फिरतात, म्हणून ती शिवण कापडाबरोबर ताणते. हे काम सरळ टाक्याच्या मशीनवर युक्तीने होत नाही, आणि नातवाने ते युक्तीने केलं असं लिहिलंत तर शिवणाऱ्या वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

मग नातवाने काय करायचं? माझ्या मते कथेतला खरा निर्णय हा आहे. लगेच ओव्हरलॉक मशीन घ्यायचं, की आहे त्या मशीनवर होईल तेवढंच काम घ्यायचं? मी असतो तर दुसरं केलं असतं. पाटीवर तीन कामं लिहायची: लेगिंगची लांबी, कमरेचं इलॅस्टिक, टी-शर्टची खालची दुमड. मांडीची शिवण घ्यायची नाही, आणि का घेत नाही ते सांगायचं. इलॅस्टिकचं काम तर या मशीनला अगदी योग्य आहे. जुन्या पट्टीत नवीन इलॅस्टिक ओवायचं, टोकं एकावर एक ठेवून जोडायची आणि ओवायला उसवलेली जागा इलॅस्टिक ताणून धरून बंद करायची. कंबर चढवताना तेवढ्या बोटभर शिवणीवर फारसा ताण येत नाही. लोकांकडून मांडीच्या शिवणीची मागणी किती येते हे मोजायचं, आणि ती पुरेशी झाली की मशीन घ्यायचं. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांची नोंद ठेवणं, हा या पोराचा धंद्यातला शहाणपणा. आबा इतकी वर्षं नाही म्हणत होते, पण ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

वहिनींचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या कथेत मोकळा राहील. खरं म्हणजे गरज त्यांनी आधी ओळखली होती, नातवाने नंतर. त्याने त्यांना सुया विकाव्यात, त्यांच्याकडे काम पाठवावं, की त्यांचीच गिऱ्हाइकं ओढावीत? मी दुकानदारी बघितलीय, बहुतेक जण तिसरं करतात. वहिनी स्वस्तात शिवायच्या, दुकानाला पाटी असते आणि बाजारपेठेत जागा असते, गल्लीतल्या दोघी-तिघी आपोआप तिकडे जातात. तुम्ही नातवाला चांगला माणूस करायचा ठरवलं असेल तर त्याला याची किंमत मोजायला लावा. उदाहरणार्थ, सुयांचं पाकीट तो वहिनींना देतो आणि त्या आता त्याच्याइतकंच चांगलं काम करू शकतात. कथेचा शेवट मी इथे कुठेतरी शोधला असता, ओव्हरलॉक मशीनच्या उद्घाटनात नव्हे.

थोडक्यात क्रम असा ठेवा: पॉपलिनवर मशीन बिनचूक, भुग्यात लायक्रा, सुई बाजारात नाही, वहिनींचं उत्तर, आबांचा कागद, तुटलेली शिवण, आणि मग काय घ्यायचं काय नाही याचा निर्णय. यातली एखादी पायरी गाळायची असेल तर बाजारातली गाळा, तुटलेली शिवण गाळू नका.

आणि लिहायच्या आधी एक करा. शेजारी कुणाकडे तरी काळं मशीन असेलच. जुना टी-शर्ट घ्या, १६ नंबरची साधी सुई लावा आणि वीतभर शिवा. मग वरची आणि खालची बाजू बघा. जिथे टाका सुटला असेल तिथे धागा लांब मोकळा पडलेला दिसेल, दोन-तीन टाक्यांइतका. तो भाग नखाने उचलून बघा, तिथे धाग्याने कापड धरलेलंच नसतं. मग टी-शर्टचा तुकडा दोन्ही हातांनी ताणा आणि धागा तुटल्याचा आवाज ऐका. नातवाने काय बघितलं आणि काय ऐकलं हे तुम्हाला कल्पनेने लिहावं लागणार नाही. मशीनच्या मालकिणीला मात्र आधी विचारा, आणि नंतर तिची सुई परत नीट बसवून द्या, सपाट बाजू जशी होती तशी.